सी विंगचा नंबर

घरात माझ्याविरुद्ध एकच तक्रार आहे: मी कुणावर म्हणून विश्वास ठेवत नाही. बायको मला तपासनीस म्हणते. म्हणू दे. सव्वीस वर्षं औषधांचं दुकान चालवतोय, संशय हा माझा धंदाच आहे. खोक्यावरचा बॅच नंबर बघून मी कधीच थांबत नाही. खोकं उघडायचं, पट्टी बाहेर काढायची, तिच्यावरचा नंबर खोक्याशी जुळवायचा, मगच माल फळीवर. दुकानातल्या पोरींना हे इतक्यांदा ऐकवलंय की मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणतात, "पट्टी बघितली, काका."

तर असा मी, आणि फ्लॅट घ्यायला निघालो होतो. घ्यायचा होता आईसाठी. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि आईच्या गुडघ्यांनी पार हात टेकलेत. अकरा महिन्यांत ती एकदाच खाली उतरली, तेही दवाखान्यात जायला, खुर्चीत बसून, दोघांच्या हातावर. त्यानंतर म्हणाली, "आता मला असं पोत्यासारखं नेऊ नका. पायाने उतरेन तेव्हाच उतरेन." दिवसभर खिडकीशी बसते आणि रस्त्यावरून कोण गेलं ते मला रात्री जेवताना सांगते.

बिल्डरचं पान बायकोने मोबाइलवर दाखवलं. तीन विंग, मधे बाग, दोन-दोन लिफ्ट. आम्हाला आवडला तो सी विंगमधला, दुसऱ्या मजल्यावरचा, बागेच्या बाजूचा.

"थांब," मी म्हटलं. "आधी रेराचा नंबर कुठाय?"

"झालं सुरू!" बायको म्हणाली.

नंबर होता. पानाच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. इथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. लपवायचं नसेल तर इतकं बारीक कशाला लिहायचं? मी चष्मा पुसला, बिल्डरांची सरकारी नोंदणी ठेवणाऱ्या रेराच्या साइटवर गेलो, एकेक आकडा वाचत नंबर टाकला. प्रोजेक्ट उघडला. नाव तेच, बिल्डर तोच, पत्ता तोच, काम पुरं करायची तारीख अजून पुढे, नोंदणी चालू. काही म्हणता काही खोट नाही. खरं सांगतो, माझा थोडा हिरमोडच झाला.

"पटलं ना आता?" बायको म्हणाली.

"पटलं," मी म्हटलं. सव्वीस वर्षांत मी हा शब्द इतक्या लवकर कधी उच्चारला नव्हता. बिल्डरकडे फोन करून आईसाठी लिफ्ट हवीय ते सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्यांच्या ऑफिसात जाऊन बुकिंग करायचं ठरलं.

सकाळी आवरून निघणार, तर आईने हाक मारली. "अरे, माझी खिडकी कुठली ते तरी दाखव. तिथून रस्ता दिसेल ना? नाहीतर मी दिवसभर झाडांकडे बघत बसू की काय?"

बिल्डरच्या पानावर नुसती रंगीत चित्रं होती, त्यात रस्ता कुठला आणि काय. म्हटलं, रेराच्या पानावर मंजूर नकाशा असतो, तोच दाखवू. उघडलं. कागदपत्रांच्या आधी इमारतींची यादी आली. विंग ए, सात मजले. विंग बी, सात मजले. मी बोटाने पान खाली ओढलं. वर नेलं. परत खाली ओढलं. यादी संपली होती.

नकाशा उघडला. आमच्या सी विंगच्या जागी तुटक रेघांचा चौकोन, आत लिहिलेलं: पुढील टप्पा.

"काय रे, रस्ता नाही का दिसत?" आई.

"आई, इमारतच दिसत नाहीये."

कानशिलं तापली माझी. नंबर खरा होता, शंभर टक्के खरा, पण ए आणि बीचा! आणि मी दीडशहाणा, खोक्यावरचा नंबर जुळला म्हणून खूश होऊन बसलो होतो. पट्टी बाहेर काढलीच नव्हती. दुकानात एखाद्या पोरीने हे केलं असतं तर मी तिला दिवसभर सोललं असतं.

तसाच ऑफिसात गेलो. बायको आईपाशी थांबली. काचेच्या टेबलामागे कडक इस्त्रीचा सेल्समन, समोर फॉर्म भरून तयार, फक्त सही बाकी.

"सी विंगचा नोंदणी नंबर सांगा," मी म्हटलं.

"पानावर दिलाय की, काका."

"तो ए आणि बीचा. टप्पा वेगळा असला तर त्याची नोंदणीही वेगळी लागते."

त्याने खुर्ची पुढे ओढून आवाज मऊ केला. "काका, तुम्ही फारच खोलात जाता बुवा. सीचा अर्ज गेलाय. आज ना उद्या नंबर येईलच."

"मग आला की बोलवा."

"तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचा राहील का? आणि हे बुकिंग नाहीच मुळी. नुसती इच्छा नोंदवायची, टोकन द्यायचं."

"नोंदणी नसलेल्या इमारतीची जाहिरातसुद्धा करता येत नाही, टोकन कसलं घेताय? अर्ज म्हणजे नोंदणी नव्हे. कामाला लागायचा अर्ज केला म्हणून कुणी पगार देतं का?"

त्याला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. मग मी ए विंगमधलं काही आहे का म्हणून विचारलं. सगळं गेलेलं. बीमध्ये एकच, सातव्यावर, आमच्या आवाक्याबाहेरचं. मी उठलो तेव्हा तो म्हणाला, "आईंना लिफ्ट हवीय म्हणाला होता ना तुम्ही? असा चान्स परत येणार नाही, बघा."

त्या वाक्याने मी दारात थबकलो. खोटं कशाला बोलू, हात खिशातल्या पेनाकडे गेला होता. आईची खिडकी डोळ्यांपुढे आली. एक सही केली की आईला खाली आणता येईल. पण तिला आणायचं कुठे? तुटक रेघांच्या चौकोनात? मी पेन सोडलं, मोबाइल काढला, भिंतीवरच्या सी विंगच्या मोठ्या जाहिरातीचा फोटो घेतला आणि त्याच्यादेखत म्हणालो, "हा रेराकडे तक्रारीत जोडतो." आता मात्र त्याला हसू आलं नाही.

घरी येताना पाय जड झाले होते. आईला काय सांगू, याचीच जुळवाजुळव करत जिना चढत होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचलो आणि जागीच थांबलो.

तिथे खुर्ची टाकलेली. खुर्चीत आई. ठेवणीतलं लुगडं, पायात चपला, कपाळावर घाम. शेजारी बायको कठडा धरून धापा टाकत होती.

"तुम्ही गेल्यापासून उतरतायत," बायको म्हणाली. "ऐकतच नाहीत. एक मजला उतरायला दोन तास लागले."

"पायाने उतरले, बघ," आई म्हणाली. "म्हटलं, इमारत नाही म्हणतोस, तर निदान जागा तरी बघून यावी. सही केलीस?"

"नाही केली. आई, नंबर आपल्या इमारतीचा नव्हता. मी आधी नीट बघितलं नाही. माझं चुकलं."

आईने खाली उरलेल्या दोन जिन्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"बरं केलंस," ती म्हणाली आणि वर जाण्यासाठी हात पुढे केला. "चल, धर मला."