अर्ध्यावर

शीतलच्या पत्राला मी बारा दिवस उत्तर दिलं नव्हतं. फोनवर मला बोलणं सुचत नाही, म्हणून मुलगी पत्र लिहिते. तिनं पाठवलेल्या एअर फ्रायरच्या खोक्यातच ते आलं होतं. "बाबा, सुट्टीत आर्यन-प्रियाला आठ दिवस आष्टीला पाठवू का? आई गेल्यापासून तुम्हाला झेपेल की नाही, कळत नाही. दोघं हेच खातात : फ्राईज दोनशे डिग्रीवर अठरा मिनिटं, कटलेट एकशे ऐंशीवर बारा, समोसे एकशे ऐंशीवर पंधरा. गोठलेलेच टाकायचे. अर्ध्यावर टोपली हलवायची. महिनाअखेरपर्यंत उत्तर आलं नाही, तर नको असं समजेन."

नातवंडं यावीत असं फार वाटत होतं. पण परतूरहून आणलेली पाकिटं मी एकेक करून बिघडवत होतो. टोपली अर्धी बाहेर ओढायचो, की यंत्र बंद. तशीच हलवायचो. वरच्या फ्राईज तांबूस, खालच्या पांढऱ्याफटक. कटलेटचा तर चुराच झाला. चूक माझी की यंत्राची? वाचनालयात तीस वर्षं काढलेल्या माणसाला तीन ओळी कळू नयेत?

शेजारच्या तुळजाबाई ताक द्यायला आल्या आणि दारातच थांबल्या.

"काय करून राह्यले, सर? गाडी ढकलून राह्यले का?"

"टोपली अर्ध्यावर हलवतोय. असंच लिहिलंय."

"दाखवा बरं." त्यांनी चष्म्यावरून पत्र वाचलं आणि हसू लागल्या. "अहो, अर्ध्या टायमावर! अर्धी बाहेर काढून न्हाई! सूप भिंतीत अडकवून पाखडता का कधी?"

'अर्ध्यावर' हा शब्द मी निदान पन्नास वेळा वाचला होता.

"पण कटलेट?"

"ते पाखडू नका बिलकुल. भाकरीसारखं उलटा."

पाकीट फोडून फ्राईज एका थरात पसरल्या. नवव्या मिनिटाला टोपली पुरती बाहेर घेतली आणि जोरात हलवली. परत ढकलली तशी राहिलेली नऊ मिनिटं आपोआप चालू झाली. सगळ्या सारख्या तांबूस. कटलेट सहाव्या मिनिटाला चिमट्यानं उलटले, समोसे मध्येच एकदा.

"जमलं की!" तुळजाबाई समोसा फोडत म्हणाल्या. "मंग लिहा की पोरीला. जल्दी."

"खरंच जमलं ना? तुम्ही नसताना—"

"सर, मुकाट्यानं लिहा."

दुपारी लिहिलं. तीन वेळा खोडलं. "शीतल, मुलांना पाठव," एवढ्यावर थांबवेना, म्हणून खाली सगळी मिनिटंही लिहिली. संध्याकाळी पोस्टाच्या पेटीपाशी पुन्हा शंका आली. समोसे सातव्या मिनिटाला उलटायचे लिहिलं, की आठव्या? पत्राचं पाकीट तर चिकटवून टाकलेलं.

पण 'पाठव' नक्की लिहिलं होतं. पत्र पेटीत टाकलं.