काट्याने दिलेलं बाळसं

नर्सबाईंच्या जिभेला हाड नव्हतं. मागच्या महिन्यात एका दोन वर्षांच्या मुलीचं वजन करताना काटा अर्धा किलोने वर सरकला, तेव्हा "पोरीनं बाळसं धरलं हो!" अशी त्यांनी दवाखानाभर दवंडी पिटली होती. आज त्या मुलीच्या आईने मोबाइलवर पाठवलेले फोटो त्यांनी डॉक्टरांपुढे धरले. पोटाचा नगारा, हातापायांच्या काड्या, केस विरळ नि भुरकट, पावलं मात्र गुबगुबीत.

"तेव्हा पावलं दाबून पाहिलीत?"

"काटा वर गेला होता, मग कशाला दाबू?"

"ते पाणी होतं, बाई. कुपोषणाची सूज. लगेच भरती करा."

दुपारी मुलगी आली. बाईंनी दोन्ही पावलांवर अंगठे दाबून धरले, सावकाश उचलले. खळगे तसेच राहिले.

"बाळसं म्हणाला होतात ना, ताई?" आईने विचारलं.

बडबड्या बाईंनी नोंदवहीत मागच्या महिन्याच्या वजनापुढे एकच शब्द लिहिला: 'सूज'.