सात सेकंदांचं दार

मथळेबाईंचा नवरा चार महिन्यांपूर्वी घर सोडून गेला, तो भर दुपारी, ती ऑफिसात असताना. भांडण नाही, चिठ्ठी नाही. दाढीचा ब्रश नेला आणि साबण ठेवला, त्यावरून तो परत येणार नाही, हे तिला कळलं. जाताना तो स्वतःची आईही ठेवून गेला. त्यामुळे आता घरात सून आणि सासू अशा दोघीच उरल्या होत्या, आणि नात्याचा मधला दुवा बेपत्ता होता. दोघी वेळच्या वेळी जेवत. तो विषय कुणीच काढत नसे.

मथळेबाई हे काही तिचं नाव नव्हे. जाहिरातीची पहिली ओळ, वाचणाऱ्याचा फोनवर सरकणारा अंगठा जागीच थांबवणारी, तिला त्या ऑफिसात हूक म्हणतात, आणि तसे हूक लिहिणं हे तिचं काम, म्हणून ऑफिसने दिलेलं हे नाव. गेले चार महिने तिच्या आत काही हलत नव्हतं. रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. टेबलाशी बसलं की तेवढे हात हलायचे. म्हणून ते टेबल तिला हवं होतं.

आणि नेमकं तेच आता जायच्या बेतात होतं. डोअर क्लोजरच्या, म्हणजे दार आपोआप लावणाऱ्या यंत्राच्या, जाहिरातीचे तिचे दहा हूक दोनदा परत आले होते. साहेब सकाळी येऊन म्हणाले, "मॅडम, चार वाजता तिसरी यादी. तीही परत आली, तर तुम्ही खाली वापरपुस्तिकांच्या विभागात."

वापरपुस्तिकांच्या विभागात गेलेला माणूस पुन्हा वर दिसल्याची ऑफिसात नोंद नव्हती.

ब्रीफ, म्हणजे क्लोजरच्या कंपनीने दिलेलं अटींचं टिपण, एका पानाचं होतं आणि ते बदलायचं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणजे फ्लॅटमध्ये राहणारी कुटुंबं. एक हूक जास्तीत जास्त बारा शब्दांचा. भीती घालायची नाही. 'सर्वात', 'कायम', 'हमखास' हे शब्द वर्ज्य. कोन, म्हणजे सांगायच्या तऱ्हा, दहा हव्यात, आणि दहाही वेगळ्या. वस्तूबद्दल सांगायचं मात्र एकच: पंचेचाळीस किलोपर्यंतचं दार नव्वद अंशांत उघडून सोडलं, की सात सेकंदांत आपोआप बंद होतं.

पहिल्या दोन याद्या अतिशयोक्तीपायी पडल्या होत्या. तिने लिहिलं होतं, 'आवाज न करता'. पानावर आवाजाचं अवाक्षर नव्हतं. मग तिने लिहिलं, 'दार आपटणार नाही'. त्यावर चाळणीकाकांनी समासात एवढंच लिहिलं, 'वाऱ्याला विचारलं का?'

चाळणीकाका म्हणजे ऑफिसचे तपासनीस. पूर्वी ते शाळेचे पेपर तपासत. पस्तीस वर्षांत त्यांनी कुणाला अर्धा गुण फुकट दिला नव्हता, आणि ही गोष्ट ते स्वतःहून सांगत.

दुपारी एकला ती तिसरी यादी घेऊन त्यांच्यासमोर बसली. काकांनी प्रत्येक हूक एकेका चिठ्ठीवर उतरवला. मग ब्रीफचं पान शेजारी ठेवून प्रत्येक शब्दावर पेन्सिल टेकवत गेले.

"'सकाळी घाईत निघता? दार मागून सात सेकंदांत स्वतः बंद होतं.' बरोबर. 'सात सेकंद. तेवढ्यात तुम्ही जिन्यावर, दार चौकटीत.' हेही चालेल. 'निघताना हात सामानाने भरलेले? दार ओढायला कशाला हवेत?' छान." दहावी चिठ्ठी खाली ठेवून ते म्हणाले, "अतिशयोक्ती शून्य. शाब्बास."

"मग देऊ साहेबांना?"

"थांब गं. अजून उलटी बाजू आहे."

पुनरुक्ती तपासायची काकांची रीत वेगळी होती. शब्द त्यांना फसवतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते चिठ्ठी पालथी घालत आणि मागे चार शब्दांत लिहीत, की या ओळीत दिसतं काय. मग फक्त मागची बाजू वाचत. दोन चिठ्ठ्यांच्या पाठी सारख्या निघाल्या, की एक बाद.

काकांनी दहाही पाठी लिहिल्या आणि एका सुरात वाचल्या.

"माणूस बाहेर जातो. माणूस बाहेर जातो. बाई बाहेर जाते, म्हणजे तेच. माणूस बाहेर जातो..." दहावीपाशी त्यांनी चष्मा काढला. "अगं, तुझ्या या घरात कुणी आत येतच नाही का?"

ती चिठ्ठ्यांकडे बघत राहिली. एकीत प्रश्न होता, एकीत आकडा, एकीत थट्टा. कोन दहा होते. माणूस एकच होता, आणि तो दहा वेळा निघून गेला होता. तिच्या हे लक्षातच आलं नव्हतं.

"दार बाहेर जायलाच असतं ना?" ती म्हणाली.

"आमच्याकडचं दोन्हीकडून चालतं," काका म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं असावं, कारण ते उगाच पेन्सिलीला टोक करू लागले. "एक ठेव. नऊ नवे आण."

ती टेबलाशी परत आली. कागद कोराच राहिला. आत येणारा माणूस कसा दिसतो, हे काही केल्या डोळ्यांपुढे येईना. दोन वाजले. तेवढ्यात फोन आला.

"अगं, येताना दूध आण," सासूबाई म्हणाल्या. "आणि बेल वाजवत बसू नकोस. मी दार लोटून ठेवते नेहमीसारखं. तुझे हात भरलेले असतात."

"नेहमीसारखं?"

"मग काय तर! चार महिने झाले. तुला वाटतं, कडी आपोआप निघते?"

फोन ठेवून ती मीटिंगच्या खोलीत गेली. तिथं नमुन्याचं दार चौकटीसकट उभं होतं. तिने ते काटकोनात उघडलं, आत आली, आणि घड्याळात बघत थांबली. सात सेकंद. पुन्हा बाहेर गेली, दोन्ही हातांत फायली घेऊन आत आली. मग आत येऊन कुणाची तरी वाट बघावी तशी वळून उभी राहिली. साहेब काचेतून बघत होते. त्यांना वाटलं, बाईंचं खालच्या मजल्यावर जायचं ठरलंच.

साडेतीनला काकांपुढे नवी यादी होती.

"'दोन्ही हातांत पिशव्या? आत या, दार मागून स्वतः बंद होईल.' ठीक. 'एका हातात दूध, एका हातात किल्ली...' पाठ तीच. बाद. दुसरा दे." तिने उभ्या उभ्या काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल एक लिहून दिला. काकांनी पुढची चिठ्ठी वाचली. "'तुमच्या मागून येणाऱ्यासाठी दार सात सेकंद थांबतं.' खोटं. दार थांबत नाही, हळू बंद होतं."

"'तुमच्या मागून कोणी येतंय? त्याच्याकडे सात सेकंद आहेत,'" तिने बदलून सांगितलं.

"आता खरं. दार पुरतं उघडलं तर, अशी तळटीप टाक." त्यांनी शेवटची चिठ्ठी उचलली. "'काही विसरलं? परत फिरायला सात सेकंद आहेत.' हे कुणासाठी?"

"किल्ली विसरणाऱ्यांसाठी."

काकांनी चिठ्ठी पालथी घातली, लिहिलं, आणि या वेळी मोठ्याने वाचलं नाही. नुसती बरोबरची खूण केली. तिला त्यात अर्धा गुण फुकट मिळाल्याचा संशय आला.

चार वाजता यादी गेली, साडेचारला मंजूर होऊन आली. क्लोजरच्या कंपनीला पिशव्यांचा हूक आवडला. साहेब म्हणाले, "मॅडम, टेबल तुमचंच." ती हो म्हणाली. आनंद झाला का, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर आलं नाही. पण विचारलं, हे नवीन होतं.

संध्याकाळी दूध घेऊन ती घरी पोहोचली. दार लोटलेलं होतं. खांद्याने ढकलून ती आत आली आणि वळून उभी राहिली. या दाराला काही क्लोजर नव्हता, ते उघडंच राहिलं. तिने मनात सात आकडे मोजले. जिना रिकामा होता.

"कोण येतंय मागून?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"कुणी नाही, आई."

"मग लाव की ते."

तिने टाचेने दार लोटलं. ते चांगलंच आपटलं.