परिचयाचं शुद्धिपत्रक

एचआरच्या मुलीने फोनवर सांगितलं होतं, "मॅम, जॉइनिंगच्या दिवशी सकाळी टीमला एक छोटा परिचय मेल करा. फार लांब नको." छोटा म्हणजे किती, हे क्षिप्राने विचारलं नाही. त्यामुळे रविवारची दुपार त्यात गेली.

मानेसरच्या कारखान्यात गिअर बनत. त्या गिअरचा कडकपणा तपासणारी लॅब आता तिच्याकडे येणार होती. घर मिळेपर्यंत ती दिल्लीत, आर. के. पुरममध्ये विजयामावशीकडे राहत होती. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, एका बाजूला मावशी मटार सोलत बसलेली, दुसऱ्या बाजूला मावशीचा मुलगा यतीन.

मेल अर्थातच इंग्रजीत होता. तिच्या पहिल्या मसुद्यात नाव, शिक्षण, आधीच्या दोन नोकऱ्या आणि "उद्यापासून रुजू होत आहे" एवढंच होतं.

"हा मेल आहे की आधार कार्ड?" यतीन म्हणाला. तो गुरुग्राममध्ये एका स्टार्टअपमध्ये होता. "आधीच्या कंपनीत तू खराब मालाचं रिजेक्शन निम्म्यावर आणलंस ना? ते पहिल्या ओळीत टाक. लोकांना कळू दे कोण येतंय."

"मी एकटीने नाही आणलं. आम्ही चौघं होतो."

"यार ताई, बाकीचे तिघं हा मेल वाचणार नाहीयेत."

"अगं, असलं काही लिहू नकोस," मावशी मटारातून मान वर न काढता म्हणाली. तिची सगळी नोकरी मंत्रालयातल्या फायलींवर गेली होती. "नवीन माणसाने पहिल्या दिवशी वाकून जावं. आण इकडे."

मावशीने हात पुसले आणि चष्मा लावला. आपल्या सर्वांच्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळणं हे मी माझं भाग्य समजते. मी अजून शिकत आहे. काही चुकल्यास सांभाळून घ्यावं, ही विनंती. वाक्यं तिच्या बोटांतून अशी उतरली, की क्षिप्राला खोडायला जिवावर आलं. शिवाय वाचून बरंही वाटलं. निदान त्यात बढाई नव्हती.

सोमवारी सकाळी तिने तो मेल पाठवला आणि कंपनीच्या बसमध्ये बसली. मानेसर येईपर्यंत 'वेलकम अबोर्ड' अशी बरीच उत्तरं आली होती. मुरलीधर यादव नावाच्या एका माणसाने मात्र वेगळं लिहिलं होतं: मॅडम, निश्चिंत राहा, सगळं शिकवू.

मुरलीधर लॅबमधले सगळ्यात जुने तंत्रज्ञ होते. ते दारातच उभे होते. तिच्यासाठी त्यांनी स्वतःच्या टेबलाशेजारी खुर्ची मांडली होती, खुर्चीवर घरून आणलेली उशी होती, आणि भिंतीवर एक छापलेला कागद लावला होता. पहिला आठवडा: नमुना कापणे व घासणे. दुसरा आठवडा: कडकपणा मोजणे. तिसरा आठवडा: मायक्रोस्कोप.

"आपने इतना अच्छा लिखा, मॅडम," ते म्हणाले. "आजकल के बच्चे तो आते ही ग्यान देने लगते हैं. मेरी बेटी ने भी पढ़ा. बोली, पापा, इनको डाँटना मत."

मायक्रोस्कोपवर क्षिप्राने पाच वर्षं काम केलं होतं. पण त्या उशीकडे पाहून तिच्या तोंडून "थँक यू" एवढंच निघालं.

अकराच्या सुमारास प्रॉडक्शनचे सूर्यकांत शर्मा आले. गिअरची एक बॅच तयार होती. चाचण्या झाल्या होत्या, फक्त रिपोर्टवर सही हवी होती. आतापर्यंत हे रिपोर्ट सहीसाठी कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात जात आणि तिथे दोन दोन दिवस अडकून पडत. ते थांबावं म्हणूनच तर क्षिप्राला घेतलं होतं. त्या दुसऱ्या कारखान्यात तिची प्रात्यक्षिक परीक्षाही झाली होती, आणि सहीच्या अधिकाराचं पत्र आजच्या तारखेपासून लागू होतं.

शर्मांनी रिपोर्ट मुरलीधरांच्या हातात दिला. "हमेशा की तरह उधर भेज दो. मॅडम तो अभी सीख रही हैं."

"हाँ जी, तीन हफ़्ते," मुरलीधर म्हणाले.

यात टोमणा नव्हता. तिने जे लिहिलं होतं, तेच ते दोघं मान देऊन पाळत होते. आज हा रिपोर्ट तिकडे गेला, की उद्याचाही जाणार. मग सही कधी तिच्याकडे यायचीच नाही. आणि "मला येतं" असं इथेच, सगळ्यांसमोर म्हटलं, तर तो भिंतीवरचा कागद मुरलीधरांना स्वतःच्या हाताने काढावा लागणार.

"शर्माजी, जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबाल?" तिने हिंदीत विचारलं. "तोवर पाठवू नका." शर्मांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली.

जिन्यात जाऊन तिने मावशीला फोन केला.

सगळं ऐकून मावशी आधी हसली. "अगं, मी जन्मभर 'सविनय सादर' लिहितेय. त्यात विनय कोणी शोधला नाही आजवर. ही कुठली माणसं, अक्षरशः वाचणारी?"

"चांगली माणसं आहेत गं. उशी आणलीय माझ्यासाठी."

"मग रागावू नकोस. आणि माफीपण मागत बसू नकोस. आमच्याकडे आदेशात चूक निघाली तर काय करतात? शुद्धिपत्रक काढतात. अमुक ऐवजी तमुक वाचावे. ज्यांना आदेश गेला त्या सगळ्यांना प्रत. बस." मग जरा थांबून म्हणाली, "ह्या वेळी तूच लिही. मी नको."

क्षिप्राने जिन्यातच, फोनवर, सकाळच्याच मेलवर सगळ्यांना उत्तर लिहिलं.

'माझ्या परिचयात एक दुरुस्ती आहे. "मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी" याऐवजी कृपया असे वाचावे: या लॅबमधली यंत्रं मुरलीधरजी माझ्यापेक्षा चांगली ओळखतात. ती मी त्यांच्याकडून शिकेन. धातूंच्या तपासणीचं काम मी पाच वर्षं केलं आहे, ते मला येतं. "चुकल्यास सांभाळून घ्यावं" याऐवजी: आजपासून रिपोर्टवर सही माझी असेल. त्यात चूक निघाली तर ती माझी. आणि चूक दिसली तर मला लगेच सांगा.'

पाठवण्याआधी तिने तो एकदा वाचला. 'ते मला येतं' खोडलं. मग परत लिहिलं.

ती आत आली तेव्हा मुरलीधर चष्मा कपाळावर सरकवून, फोन डोळ्यांजवळ धरून वाचत होते.

"तो ट्रेनिंग कैंसल?" त्यांनी विचारलं.

"मशीन की नहीं," ती म्हणाली. "वो पूरी चाहिए. घिसाई वाली मशीन तो मैंने पहले कभी देखी ही नहीं है ऐसी."

"देखोगी कहाँ से. मेरे साथ की भर्ती है वो." त्यांनी भिंतीवरचा कागद पाहिला, खिशातून पेन काढलं आणि दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यावर काळजीपूर्वक रेघ मारली. पहिला आठवडा तसाच ठेवला. मग रिपोर्ट तिच्यासमोर ठेवला आणि हात मागे बांधून उभे राहिले.

तिने लगेच सही केली नाही. आकडे वाचत गेली. एका नमुन्याचा कडकपणा मर्यादेच्या अगदी कडेला होता. चालला असता. शर्मा दारात येऊन उभे राहिले होते.

"मुरलीधरजी, हे एक माप परत घेऊया? यंत्राने उमटवलेला ठसा मायक्रोस्कोपखाली मी मोजते."

"अभी?" शर्मा म्हणाले. "गाड़ी लगी हुई है."

क्षिप्राने उत्तर देण्याआधीच मुरलीधरांनी ट्रेमधून नमुना उचलला. "पंद्रह मिनट, शर्माजी. दस्तख़त इनका है," ते म्हणाले, आणि शेजारच्या खुर्चीवरची उशी उचलून त्यांनी मायक्रोस्कोपसमोरच्या स्टुलावर ठेवली.