इफ्फत सोलकर, एक की दोन

काशीरामशेठांच्या औषधांच्या तीन दुकानांत कोण काय करतं हे विचारलं, तर कुणीही सांगितलं असतं की कॉम्प्युटरचं सगळं राही बघते. रत्नागिरीचं मोठं दुकान, भाट्येतलं आणि पालीतलं, तिन्हीकडे चालणारा प्रोग्राम आठ वर्षांपूर्वी राहीनंच लिहिला होता. शेठांना काही अडलं की ते काउंटरवरूनच हाक मारत, "राही, बघ गो जरा!" ती हाक ऐकायची तिला सवय झाली होती. सवय कसली, चटकच लागली होती.

पाली आणि रत्नागिरीमध्ये एका गिऱ्हाइकाच्या जिवावर बेतता बेतता राहिलं, तिथून हे सगळं सुरू झालं. भिकाजी धुमाळ नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांना पेनिसिलीन चालत नाही, ही नोंद रत्नागिरीच्या दुकानात होती. पालीच्या दुकानात मात्र कुणीतरी त्यांचं नाव इंग्रजीत थोडं वेगळं टाईप केलं होतं, एक 'एच' इकडचा तिकडे. प्रोग्रामच्या लेखी ते दोन भिकाजी झाले. पालीच्या पोरानं त्यांच्या हातात नेमकी तीच गोळी ठेवली. पुडी बघून भिकाजी स्वतःच ओरडले म्हणून निभावलं.

"राही, एक माणूस आपल्याकडे दोन कसा होतो?" शेठांनी विचारलं.

"नाव टाईप करणारे चार जण, शेठ. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी."

उत्तर खरं होतं, पण पुरेसं नव्हतं, हे तिलाही कळत होतं. महिन्याभरात नाझिया कामावर आली.

नाझिया मूळची दाभोळची, पुण्याच्या कंपनीत तीन वर्षं हेच काम करून परत आलेली. पहिल्याच आठवड्यात तिनं शेठांना स्क्रीनसमोर बसवलं. भिकाजी धुमाळ, भीकाजी धूमाळ, बी. धुमाळ, अशी चार नावं एकाखाली एक आली आणि प्रत्येकासमोर गुण.

"अक्षरं जुळतात का एवढंच नाही बघत, शेठ," ती सांगत होती. "नाव उच्चारलं की सारखं ऐकू येतं का, किती अक्षरं बदलली तर एकाचं दुसरं होईल, तेही बघते. मोबाईल, पत्ता, जन्मतारीख, सगळ्यांचे मिळून गुण. फार कमी गुण असले तर जोडी सोडून द्यायची. बाकीच्या जोड्या माणसानं बघायच्या. मशीन नुसतं सुचवतं, जोडत नाही."

"आणि चुकून दोन वेगळी माणसं एक झाली तर?"

"पुसायचं काहीच नाही. जुन्या नोंदी तशाच राहतात, फक्त एका मुख्य नोंदीला बांधल्या जातात. कुणी, कधी, का जोडलं हे लिहून राहतं. चूक कळली की गाठ सोडायची, दोन्ही पहिल्यासारख्या."

"वा!" शेठ म्हणाले. "वा गो पोरी!"

राही मागच्या टेबलावर बसून ऐकत होती. 'पोरी' हा शब्द तिच्या घशात माशाच्या काट्यासारखा रुतला. तिला शेठांनी कधी पोरी म्हटलं नव्हतं. ती 'राही' होती, कामाची राही.

त्यानंतर तिला सगळंच दिसायला लागलं. शेठ चहा मागवताना आधी नाझियाला विचारतात. काउंटरवरची पोरं अडचण घेऊन थेट नाझियाकडे जातात. आणि नाझिया वाईट वागत असती तर बरं झालं असतं, निदान रागाला धरायला काही मिळालं असतं. ती तर आदबीनं "राहीताई, राहीताई" करत यायची.

"जोड्या तपासायला मला तुम्हीच हव्यात," ती एकदा म्हणाली. "गिऱ्हाइकं तुम्हाला तोंडओळखीची आहेत. मी इथली नाही. तुम्ही आधी बघा, मग मी बघेन, दोघींनी हो म्हटलं तरच जोडू."

दुसऱ्या कुणाला हा मान वाटला असता. राहीला वाटलं, प्रोग्राम मी लिहिला आणि आता त्यातले खडे निवडायचं काम माझ्याकडे.

तरी ती निवडत बसली. नाझियाचं काम चोख होतं, हे तिला कबूल करावं लागलं आणि त्यानं ती अधिकच जळली. होडेकरांची जन्नत तीन स्पेलिंगांत सापडली. बापलेकांची सारखी दिसणारी नावं नाझियाच्या गुणांनी जन्मतारखेवरून बरोबर वेगळी ठेवली. राही चूक शोधत होती आणि चूक सापडत नव्हती.

शनिवारी दुपारी ती सापडली.

इफ्फत सोलकर आणि इफत के. सोलकर. मोबाईल तोच, राजिवड्यातला पत्ता तोच. एका नोंदीत जन्मतारीख होती, दुसरीत एक जानेवारी एकोणीसशे नव्वद. ती तारीख कुणाचीच नव्हती. रकाना मोकळा ठेवला की राहीचा जुना प्रोग्राम स्वतःच ती भरायचा. नाझियानं ती तारीख ओळखून 'माहीत नाही' अशी धरली होती, म्हणजे तारखेनं ना होकार दिला होता ना नकार. गुण भरपूर.

राहीला मात्र सोलकरांचं घर ठाऊक होतं. सासू इफ्फत आणि सून इफ्फत. कमालनं लग्न करून आणलेल्या मुलीचं नाव आईचंच निघालं, त्यावर मोहल्ल्यात किती हसले होते लोक. 'के' म्हणजे कमाल, सुनेचा नवरा. तो कुवेतला, त्याचा मोबाईल नंबर घरात ठेवलेला, दोघींच्या नावावर तोच. सासूच्या हृदयाची झडप बदललेली, ती रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते. सून थायरॉइडची घेते, आणि तिला सातवा महिना लागलेला.

खाली दोन बटणं होती. 'एकच व्यक्ती' आणि 'वेगळ्या व्यक्ती'.

राहीचा हात माऊसवर थांबला. तिनं काचेपलीकडे पाहिलं. शेठ नाझियाला भाट्येच्या दुकानाचा नवा नकाशा दाखवत होते. आधी हा नकाशा त्यांनी राहीला दाखवला असता. 'होऊ दे एकदा चूक,' तिच्या मनात आलं. 'दुसरा होकार तिचाच आहे ना? बघू दे तिलाच. नाही दिसलं तर तिची चूक शेठांना तरी दिसेल.'

तिनं 'एकच व्यक्ती' दाबलं.

संध्याकाळी निघताना तिनं पाहिलं, नाझियानंही हो म्हटलं होतं. कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, 'राहीताई या घराला ओळखतात.' ते वाक्य राहीनं वाचलं आणि पर्स उचलून ती घाईघाईनं बाहेर पडली, जणू कुणी मागून हाक मारील.

रविवारभर ती स्वतःची समजूत घालत राहिली. फार तर काय होईल, सोमवारी आपणच ते 'पकडू', शेठांसमोर. औषधं दोघींची एकत्र दिसली तरी फार्मासिस्ट बघेलच. नाझियानं जोडलेल्या नोंदीतल्या औषधांवर पिवळी खूण ठेवली होती, माणसानं तपासल्याशिवाय द्यायची नाहीत म्हणून.

सोमवारी ती आली तेव्हा नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या महिन्याच्या औषधांच्या पिशव्या भरून झाल्या होत्या. पिशव्यांची यादी काढणारा प्रोग्रामचा भाग राहीचाच, जुना. आणि तेव्हा राहीच्या लक्षात आलं. तो जुना भाग पिवळी खूण वाचतच नव्हता. त्याला अशी खूण असते हेच माहीत नव्हतं. इफ्फत सोलकर या एका नावाखाली त्यानं दोघींच्या गोळ्या एकाच पिशवीत सांगितल्या होत्या, आणि नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून भरणाऱ्यानं भरल्या होत्या.

"राजिवड्याच्या पिशव्या कुठे आहेत?"

"अरशद घेऊन गेला की मघाशीच," काउंटरवरून उत्तर आलं.

पिशव्या पोचवणाऱ्या अरशदनं फोन उचलला. "दिली ताई सोलकरांकडे. दारात सूनच होती."

घरचा फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. राही रस्त्यावर आली, समोरची रिक्षा थांबवली. "राजिवडा. लवकर चला." वाटेत तिला शेठ आठवले नाहीत, नाझिया आठवली नाही. फक्त ते बटण आठवत होतं.

सोलकरांचं दार उघडंच होतं. सून जेवणाचं ताट पुढ्यात घेऊन बसली होती, ताटाशेजारी गोळ्यांच्या पट्ट्या.

"ती गोळी घेतलीस का गं? ती छोटी?" राहीनं चपला न काढताच विचारलं.

"कोणती? ही नवीन? नाही अजून, जेवून घेणार होते. मला वाटलं डॉक्टरांनी वाढवली असेल. पिशवीवर नाव तर माझंच आहे."

राहीनं पट्टी उचलली. आतून सासू पदर सावरत आली. "अगो, ही तर माझी गोळी! तुझ्या पिशवीत कशी?"

"आमची चूक झाली, चाची," राही म्हणाली, आणि 'आमची' हा शब्द तिला तोंडातच बोचला. पोटुशीला ती गोळी म्हणजे बाळाच्या जिवाला धोका, हे तिला माहीत होतं. खाली बसायला सांगितलं तरी ती बसली नाही. डोळे पुसत बाहेर आली.

दुकानात परतल्यावर ती सरळ नाझियापुढे उभी राहिली. सोलकरांच्या घरून फोन आला होता, नाझियाला पिशवीचं कळलं होतं.

"राहीताई, माझं चुकलं. फोन आणि पत्त्याला मी फार गुण दिले. इथे घराघरात एकच नंबर असतो हे..."

"ते चुकलं असेल," राही म्हणाली. "पण त्या दोघी आहेत हे मला माहीत होतं. शनिवारीच माहीत होतं. तरी मी एकच म्हटलं."

नाझियाला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"का?"

राहीला बरंच सांगता आलं असतं. चहाचं, नकाशाचं, त्या 'पोरी' शब्दाचं. सगळं इतकं बारीक वाटलं की तोंडातून निघेना.

"तू आलीस म्हणून," ती म्हणाली.

नाझिया स्क्रीनकडे वळली. तिनं स्क्रीनवर ती नोंद उघडली आणि गाठ सोडली. इफ्फत आणि इफत पुन्हा दोन झाल्या, आपापल्या गोळ्या घेऊन. सासूच्या नोंदीतली एक तारीखसुद्धा हलली नव्हती. मग तिनं दोन्ही नोंदींवर 'या कधीच जोडू नयेत' असा शिक्का मारला आणि महिन्याच्या पिशव्यांची यादी बंद ठेवली.

"शेठांना मी काही सांगणार नाही," ती अखेर म्हणाली. "पण मला विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आणि राहीताई, तुमचं हो होतं म्हणून मी नीट बघितलंच नाही. ते मात्र परत होणार नाही."

शेठांना राहीनं स्वतः सांगितलं. ते ओरडले नाहीत, तेच वाईट. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "तुझ्या भरवशावर मी डोळे मिटून होतो गो," एवढंच म्हणाले. नोकरी राहिली. जोड्या तपासायचं काम गेलं, ते पालीच्या दुकानातल्या लवूकडे आणि नाझियाकडे दिलं. राहीकडे दोन कामं आली. जुन्या यादीला पिवळी खूण वाचायला शिकवणं, आणि एक जानेवारी नव्वदला जन्मलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून त्यांच्या खऱ्या जन्मतारखा विचारणं.

पहिलं काम तिनं नीट केलं. नाझियानं ते तीन वेळा उलटसुलट तपासलं, आधी असं तपासत नव्हती. राहीला ते लागलं.

दुसरं काम लांबत गेलं. लोक तारीख सांगता सांगता बाकीचंच सांगत. भाट्येच्या एका म्हाताऱ्यानं तारीख ठाऊक नाही म्हणून तो जन्मला त्या वर्षीच्या तुफानाची हकीकत ऐकवली, आणि राही हसत ऐकत राहिली. तेवढ्यात काचेपलीकडून शेठांची हाक आली, "नाझिया, बघ गो जरा!"

राहीला पूर्वीसारखंच टोचलं. गेलं नव्हतं ते, आणि इतक्यात जाणारही नव्हतं, हे तिला समजलं. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हाताऱ्याला म्हटलं, "हां काका, तुफान आलं, मग? शाळेच्या दाखल्यावर काही तारीख आहे का बघता?"