कुंडमकडचा हिरा

कांचघरच्या बाजारात, साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर अंबरीशची कंपनी होती. खेड्यातल्या मुलांना फोनवरून गणित शिकवायचं, असा तिचा धंदा. प्रतिमा तिथे धडे तयार करायची. तिने आधी शाळेत गणित शिकवलेलं, म्हणून अंबरीश तिला ताई म्हणायचा आणि तिचं ऐकायचा नाही.

त्या दिवशी तो धापा टाकत वर आला. "ताई, कुंडमकडे आपल्याला हिरा सापडला. सुमंत्री मरावी. तिसरीतली पोरगी आठवीची समीकरणं सोडवून राहिली."

प्रतिमाने नोंदी पाहिल्या. समीकरणं खरंच बरोबर होती. मात्र त्याच संध्याकाळी ही सुमंत्री हातच्याच्या वजाबाकीत सपशेल आपटली होती, आणि त्यानंतर प्रत्येक प्रश्नाला पहिलाच पर्याय दाबत सुटली होती. उत्तर बरोबर आलं की अॅप मुलाला वरच्या इयत्तेत चढवायचं, चुकलं की खाली उतरवायचं. बिचारं अॅप चढवून-उतरवून दमलं असावं.

"हे एकाच मुलीचं काम वाटत नाही," ती म्हणाली.

"प्रतिभावान मुलं अशीच असतात. शुक्रवारी देणगीदार येऊन राहिले. तुम्ही जा आणि तिचा व्हिडिओ घेऊन या."

कुंडमच्या पुढे जीप जंगलात शिरली आणि प्रतिमाच्या फोनमधलं नेटवर्क गेलं. सुमंत्री घरीच होती, पण फोन नव्हता. तो तिच्या बापाबरोबर, बिसाहूबरोबर, कुंडमला बांधकामावर गेला होता. घरातला एकच फोन, आणि ठेकेदार त्याच्यावरच निरोप द्यायचा. प्रतिमा ओसरीवर वाट पाहत बसली.

संध्याकाळी बिसाहू आला आणि मोठी मुलगी दुर्गा फोनवर झडप घालायला धावली. ती आठवीत होती. भिंतीच्या एका कोपऱ्यापाशी फोन धरला की नेटवर्कची एखादी काडी उगवायची. तिथे उभं राहून तिने सुमंत्रीच्याच नावावर समीकरणं सोडवली. मग सुमंत्रीची पाळी. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं.

"ये हमेशा घूमता है," सुमंत्री म्हणाली. "फिर सवाल आ जाता है."

चक्रामागे अडकलेला व्हिडिओ प्रतिमाने ओळखला. वजाबाकी समजावणारा तो नाचत्या हत्तीचा व्हिडिओ तिनेच हौसेने करून घेतला होता. त्याचं वजन या नेटवर्कला पेलतच नव्हतं. प्रश्न तेवढे चार ओळींचे, हलके, म्हणून येत होते. शिकवणं या घरात कधी पोचलंच नव्हतं, परीक्षा मात्र रोज पोचत होती.

पोरी जेवायला बसल्यावर बिसाहूने फोन घेतला आणि तो प्रत्येक प्रश्नाला पहिलाच पर्याय दाबू लागला. प्रतिमा पाहतेय म्हणून ओशाळून म्हणाला, "मैडम जी, दबाओ तो घंटी बजती है. अच्छा लगता है."

प्रतिमाने सुमंत्रीचा व्हिडिओ काही घेतला नाही. जेवण झाल्यावर तिने सुमंत्रीला काड्या आणायला लावल्या, दहा-दहाच्या जुड्या बांधल्या आणि सुटी काडी कमी पडली की जुडी सोडायची, हे दाखवलं. सुमंत्रीने एक जुडी सोडली, मोजली, आणि पुढची हाताने अडवून धरली. "अब मैं करूँगी."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात प्रतिमाने सगळं सांगितलं. एकाच फोनवर प्रत्येकाचं वेगळं चित्र हवं. ज्याने त्याने आपलं चित्र दाबून आत जायचं, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या माथी बसणार नाही. हत्ती काढून टाकायचा, त्याऐवजी नुसता आवाज आणि दोन-तीन स्थिर चित्रं. बाप कुंडमला नेटवर्कमध्ये असताना धडे आपोआप उतरायला हवेत, घरी ते नेटशिवाय उघडायला हवेत, आणि उत्तरं फोनमध्येच साठून दुसऱ्या दिवशी कुंडमहून इकडे यायला हवीत.

अंबरीशचा चेहरा उतरला. "म्हणजे हिरा नाहीच?"

"नाही. दोन बऱ्या पोरी आहेत, आणि एक बाप आहे."

त्याने बोटांवर मोजलं. मग हळूहळू त्याचे डोळे चमकू लागले. "म्हणजे एका फोनमागे तीन जण. ताई, आपली संख्या तिप्पट झाली की. वेगळी चित्रं तर लगेच करून टाका."

शुक्रवारी देणगीदारांनी त्या तिप्पट संख्येला टाळ्या वाजवल्या. हत्तीचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही.

नव्या अॅपमध्ये दुर्गाने मोर निवडला, सुमंत्रीने वाघ. वाघाला अॅपने दुसरीच्या वजाबाकीवर आणून बसवलं, आणि तिथून तो रखडत, चुकत, पण आपल्याच पायांनी वर येऊ लागला. बिसाहूने बैल घेतला. तो फक्त घंटीसाठी होता, पण आता घंटीच्या आधी प्रतिमाचा आवाज ऐकू यायचा. ऐकता ऐकता त्याचीही उत्तरं बरोबर यायला लागली.

हे कळताच अंबरीशने दारावर प्रौढ शिक्षणाची नवी पाटी लावली. त्याच आठवड्यात बिसाहूने कुंडमहून प्रतिमाला फोन केला.

"मैडम जी, लड़कियों को थोड़ा समझाइए. बैटरी खतम होने तक फोन छोड़ती नहीं. मेरा पाठ रह जाता है."