दोनच्या डोक्यावरची रेघ

शिवहार सरांना सगळ्या सेनगावात एकाच गोष्टीचा गर्व होता, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही. लॉगचं टेबल आपल्या तळहातावर कोरलेलं आहे, असं ते वर्गात सांगायचे. तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसानं एवढा तोरा मिरवला तर कोणाची हरकत असणार? रागिणी त्यांची विद्यार्थिनी. आता त्याच कनिष्ठ महाविद्यालयात त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून शिकवत होती, तरी ते समोर आले की तिचा हात आपोआप पदर सावरायला जायचा.

२००३ सालचा डिसेंबर. तालुक्यातल्या मास्तर मंडळींनी हौसेनं काढलेल्या आकाशमित्र मंडळाची परीक्षा झाली होती. पहिल्या येणाऱ्या एकाच मुलाला नांदेडच्या शिबिराला पाठवायचं होतं. तिथं मोठी दुर्बीण येणार होती. सेनगावात दुर्बीण म्हणजे एकाच नळीची, ती पण डोळ्याला लावली की चंद्राला दोन कडा दाखवणारी. त्यामुळे पोरांनी जीव तोडून अभ्यास केला होता, आणि निवडीचं नाव दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपनं हिंगोलीला जायचं होतं.

प्रश्न सरांनी काढले होते, नमुना उत्तरंही त्यांचीच. दुपारपासून दोघं प्रयोगशाळेत बसून शेवटची फेरतपासणी करत होते. कॅल्क्युलेटरला परीक्षेत बंदी, म्हणजे सगळं लॉगच्या टेबलावर. आणि टेबलावर काम करणाऱ्याची एक पाय घसरायची जागा ठरलेली असते.

"उत्तर आलं की त्याला दारातच उभं करायचं," सर नेहमीसारखं म्हणाले. "विचारायचं, बाबा, तू कोण? दिवस का वर्षं? मीटर का किलोमीटर? मग आत घ्यायचं."

तशी त्यांनी बरीच उत्तरं दारातून परत पाठवली. एका पोरानं मंगळाचा सूर्याभोवतीचा फेरा १.८८ दिवसांचा काढला होता. आकडा बरोबर, पण एकक बुडालेलं. सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या १.५२४ पट, त्याचा घन, त्याचं वर्गमूळ, म्हणजे १.८८ वर्षं, सहाशे सत्त्याऐंशी दिवस.

"ह्याच्या मंगळावर दर दोन दिवसाला दिवाळी," सर हसले. "करंज्या तळून तळून बायका मरतील."

शेवटी गठ्ठ्यात दोनच पेपर राहिले. सेनगावचा रुद्र एका गुणानं पुढे होता. त्याच्या मागोमाग गोरेगावची शिवकन्या. तिचे वडील नामाजी मेंढरं राखायचे. त्या दिवसांत ते लोकांच्या मोकळ्या शेतात मेंढरं बसवत होते, लेंड्यांचं खत व्हावं म्हणून. मुलीला नांदेडला पाठवायला ते कसेबसे तयार झाले होते, तेही पहिली आली तरच. "पहिली न्हाई आली तर मेंढरामागं माणूस लागतं, मॅडम," असं त्यांनी रागिणीला तोंडावर सांगितलं होतं. त्यात राग नव्हता. खरं होतं तेच ते बोलले होते. पण रागिणीच्या डोक्यातून ते वाक्य दुपारभर गेलं नव्हतं.

प्रकाशवर्षाच्या प्रश्नात शिवकन्येनं गुण घालवले होते, आणि ते योग्यच होतं. अभिजित तारा पंचवीस प्रकाशवर्षं दूर. ते किलोमीटरमध्ये लिहा. पोरीनं प्रकाशाचा वेग मीटरमध्ये धरला आणि शेवटी किलोमीटर लिहून मोकळी झाली. दहाचा चौदावा घात यायचा तिथं सतरावा आला.

"हजार पट लांब नेऊन टाकलं बिचाऱ्या अभिजितला," सर म्हणाले. "तितक्या लांबून तो कोणाच्या डोळ्याला दिसल? काट."

रागिणीनं काटलं. मग ताऱ्यांच्या तेजाचा प्रश्न आला. तेजाच्या मापाला प्रत म्हणतात, आणि तिची चाल उलटी. तारा जितका मंद, तितका प्रतीचा आकडा मोठा. साध्या डोळ्याला सहाव्या प्रतीपर्यंतचं दिसतं, त्यापुढं नाही. प्रश्न कृत्तिकांचा होता. त्यातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याची प्रत २.९. झुबक्याच्या काठावरच्या दोन ताऱ्यांमध्ये एक मंद तारा आहे, त्याचा उजेड तेजस्वी ताऱ्याच्या ०.०९ पट. त्याची प्रत काढा, आणि तो नुसत्या डोळ्यानं दिसेल का ते सांगा.

सरांच्या कागदावर १०.३ होतं. दिसणार नाही. रुद्रचंही तेच, आणखी बऱ्याच जणांचंही तेच. शिवकन्येनं ५.५ लिहिलं होतं, आणि खाली प्रश्नात नसलेली एक ओळ. 'दिसतो. मेंढरं शेतात बसवली की आम्ही तिथंच निजतो, तेव्हा माझ्या आईलाही दिसतो.'

पहिल्या तपासणीत रागिणीनंच ती ओळ लाल शाईनं खोडली होती. परीक्षेत आईचं काय काम? पण आता पेपर पुन्हा हातात आल्यावर तिनं सरांच्याच सवयीनं उत्तराला दारात उभं केलं. शंभरावा हिस्सा उजेड म्हणजे पाच प्रतींचा फरक, हे तर पायाचं गणित. मग दहावा हिस्सा म्हणजे अडीच. ०.०९ म्हणजे दहाव्याहून थोडंसं कमी. फरक अडीचच्या जरासा वर हवा. सरांचा फरक सात पूर्णांक चार. तो आला कुठून?

तिनं टेबल उघडलं. ०.०९ चा लॉग. दोनच्या डोक्यावर आडवी रेघ, पुढं .९५४२. ह्या रेघेला बार म्हणतात. रेघ फक्त दोनची असते. दोन उणे, .९५४२ मात्र अधिक, मिळून होतात उणे १.०४५८. त्याला अडीचनं गुणलं की २.६, आणि २.९ मध्ये मिळवलं की साडेपाच. सरांच्या कागदावर मात्र ती रेघ दोनच्या डोक्यावरून घसरून पुढं येऊन उभी राहिली होती. अख्खा आकडाच उणे झाला होता, उणे २.९५४२. टेबल हातावर कोरलेल्या माणसाची रेघ घसरली होती.

रागिणीनं पेन खाली ठेवलं. सर येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. बार काय असतो हे तिला ह्याच माणसानं, ह्याच टेबलाशी उभं करून, पट्टीचा धाक दाखवत शिकवलं होतं. गप्प बसलं तर कोणालाही कळणार नव्हतं. नामाजी बिनतक्रार पोरीला मेंढरांमागं घेऊन गेले असते.

"सर," ती म्हणाली, "कृत्तिकांचं उत्तर एकदा पाहता का?"

"काहून?"

"बार घसरलाय."

"कोणाचा?"

तिनं कागद पुढं सरकवला. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. चेहरा हळूहळू लाल झाला.

"इतक्या पोरांचं माझ्यासारखंच आलं, ते काय येडे हाईत?"

"तुमचीच पोरं हाईत ती, सर. पायही तिथंच घसरनार."

दुसरं कोणी असतं तर सरांनी खडू फेकून मारला असता. ते काही बोलणार एवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली आणि दिवे गेले. प्रयोगशाळा, मैदान, पलीकडचा बाजार, सगळं सेनगाव एका दमात विझलं. खिडकीतून थंडी आत आली.

"चल," सर अंधारात उठले. "कागदावर भांडन्यापेक्षा वर बघू. दहाव्या प्रतीचा तारा आजवर कोणाच्या बापाला नुसत्या डोळ्यानं दिसला न्हाई. दिसला तर तुझं खरं."

मैदानात पाऊल टाकलं आणि रागिणी थबकली. सात वाजून गेले असतील नसतील. अमावास्या तोंडावर आलेली, खाली एकही दिवा नाही, आणि वर आभाळ असं काही भरलं होतं की कुठं पाहावं कळेना. वायव्येला अभिजित मावळतीला टेकलेला. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि तिला एकदम वाटलं, हा उजेड निघाला तेव्हा मी पाळण्यात होते. इतकी वर्षं तो वाटेनं चालत होता, थेट ह्या मैदानापर्यंत. आकडे ती रोज शिकवायची, पण ते अंगावर आज आले.

पूर्वेला अर्ध्या आभाळावर कृत्तिकांचा झुबका होता. सर मान वर करून पुटपुटत मोजत होते. "सहा. लहानपनी पन सहाच होत्या."

रागिणीलाही सहाच दिसल्या. काठावरचे दोन तारे तिनं शोधले, त्यांच्यामधल्या जागेवर नजर रोखली. तिथं काळोख. डोळ्यांत पाणी आलं तरी काळोखच. पोरीनं खोटं लिहिलं की आपलेच डोळे कमी पडतात, तिला कळेना. मग तिला आठवलं, मंद ताऱ्याकडं थेट बघायचं नसतं. जरा बाजूला बघायचं, मग तो डोळ्याच्या कोपऱ्यात येतो. हेही सरांनीच सांगितलेलं. तिनं नजर किंचित खाली सरकवली आणि श्वास रोखला.

होता. सुईच्या टोकाएवढा, पण होता. बघायला जावं तर नाहीसा व्हायचा, सोडून द्यावं तर परत यायचा. चारशेएक वर्षांपूर्वी निघालेला उजेड. तो निघाला तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही झाला नव्हता. तेवढी वाट तुडवून तो आला, आणि गोरेगावच्या कुठल्याशा शेतात मेंढरांच्या कळपाशेजारी पडलेल्या एका बाईच्या डोळ्यात शिरला. रागिणीच्या अंगावर काटा उभा राहिला. आपण ती ओळ लाल शाईनं खोडली, ह्याचं तिला फार वाईट वाटलं.

"दिसतोय, सर."

"खरं सांगतीस?"

"तुमची शपथ."

सर बराच वेळ वर बघत राहिले. मान दुखेपर्यंत बघितलं, चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं. "मला न्हाई दिसत," ते शेवटी म्हणाले. आवाजात हट्ट उरला नव्हता. "डोळे गेले पोरी माझे. पर अडीच अन् साडेसातातला फरक कळायला डोळे कशाला पाहिजेत? ते मला आतच कळलं व्हतं. भाईर आलो ते कबूल कराया जड चाललं म्हनून."

आत जाऊन त्यांनी कंदील लावला. स्वतःच्या कागदावरचं उणे चिन्ह खोडलं आणि दोनच्या डोक्यावर सावकाश, पट्टी लावून, रेघ ओढली. मग दोघांनी सगळे पेपर पहिल्यापासून घेतले. शिवकन्या पहिली आली. अभिजितचे काटलेले गुण मात्र सरांनी परत दिले नाहीत, आणि रागिणीनंही मागितले नाहीत.

सकाळी गोरेगावची जीप आली. निकाल ऐकायला आलेले नामाजी पोरीला पुढं करून दाराशीच उभे राहिले, चपला हातात घेऊन. सरांनी शिवकन्येपुढं आधी प्रकाशवर्षाचं पान ठेवलं. तिनं एकच क्षण पाहिलं.

"मीटर घेतले, अन् किलोमीटर लिवले," ती हळूच म्हणाली. तिचा चेहरा पडला. "मंग माझं राहिलं का, सर?"

"न्हाई राहिलं. तू जाऊन राहिलीस नांदेडला." सरांनी दुसरं पान उलटलं. "हितं माझं चुकलं व्हतं, तुझं बराबर हाय."

 नामाजींनी हातातल्या चपला खाली ठेवल्या, आणि उगाच पुन्हा उचलल्या. शिवकन्या पानावरच्या लाल रेघेखालची आपली ओळ वाचत होती. रागिणीनं रात्री तिच्याखाली बारीक अक्षरात 'मलाही' असं लिहिलं होतं.

"सर," शिवकन्येनं विचारलं, "तुमाला दिसला का तो?"

शिवहार सरांनी चष्मा काढला. "न्हाई, माय," ते म्हणाले. "तू दुर्बिनीतून नीट बघून ये. मंग इथं बसून मला सांग, तो कसा दिसतो ते."